जुना व्हिडिओ उशिरा चालायला लागला, तो सर्चमुळेच का? ९० दिवसांच्या हिशेबाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी शिवणकामाचा एक छोटा यूट्यूब चॅनेल चालवते. ओळखीच्या चॅनेलवाल्या मैत्रिणी मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतात: दीड-दोन वर्षं पडून राहिलेला व्हिडिओ अचानक चालू लागला, तर तो लोक शोधून बघतायत की यूट्यूब त्यांच्यापुढे ढकलतंय, हे कसं ओळखायचं? त्यांना दिलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

पूर्ण पानभर एकच उदाहरण घेतलंय. अकरा मिनिटांचा व्हिडिओ, विषय ‘शिलाई मशीनवर खालच्या बाजूला दोऱ्याचा गोळा होतो, तो का?’ आकडे हिशेब सोपा जावा म्हणून बसवलेले आहेत, पण त्यांची चाल अशा व्हिडिओंची असते तशीच ठेवली आहे.

सर्चमधून आले की दुसरीकडून, याने फरक काय पडतो? व्ह्यूज ते व्ह्यूजच ना?

फरक पुढच्या निर्णयात पडतो. होम पेजवरून किंवा दुसऱ्या व्हिडिओच्या शेजारून आलेली वाढ बहुतेक वेळा लाटेसारखी येते आणि ओसरते. लोक प्रश्न टाइप करून येत असतील, तर तो प्रश्न उद्याही कुणाला तरी पडणार आहे. अशा वेळी त्याच प्रश्नाच्या शेजारचे प्रश्न घेऊन पुढचे व्हिडिओ करायला अर्थ असतो. हे न तपासता ‘हा विषय चालतोय’ म्हणून चार व्हिडिओ काढले आणि मुळात ती वाढ कुणाच्या तरी गाजलेल्या व्हिडिओच्या शेजारी लागल्यामुळे होती, तर चारही व्हिडिओ तसेच पडून राहतात.

९० दिवसच का? २८ दिवस पुरत नाहीत का?

यूट्यूब स्टुडिओ उघडल्यावर बहुतेकदा २८ दिवसांचं चित्र समोर येतं. त्या चार आठवड्यांत एखादा सण आला, एखाद्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिंक फिरली, की सगळा आलेख वाकडा होतो. उलट ‘Lifetime’ लावलं तर जुन्या शांत दिवसांच्या ढिगाऱ्यात नवी वाढ दबून जाते. सर्चची वाढ हळू चढते. ती चढण आहे की एखादा उंचवटा, हे दिसायला तीन महिन्यांची लांबी लागते. यापलीकडे ९० या आकड्यात काही जादू नाही.

मी स्वतः ९० ऐवजी ९१ दिवस घेते. ९१ म्हणजे बरोबर १३ आठवडे. ९० घेतले की आठवड्याचा एक वार बारा वेळा येतो आणि बाकीचे तेरा वेळा. शिवणकामाच्या व्हिडिओला दुपारी आणि सुट्टीच्या दिवशी गर्दी असते, त्यामुळे दोन कालखंडांची तुलना करताना एखादा रविवार कमी-जास्त झाला तरी छोट्या चॅनेलवर ते जाणवतं.

आकडे नेमके कुठून काढायचे?

संगणकावरच बसा, मोबाइल अ‍ॅपमध्ये हे काम नीट होत नाही. स्टुडिओत तो एक व्हिडिओ उघडा, त्याच्या Analytics मध्ये जा आणि वर उजवीकडे ‘Advanced mode’ दाबा. तिथे ‘Traffic source’ निवडा, मापक ‘Views’ ठेवा आणि तारखा ‘Custom’ मधून स्वतः टाका. शेवटची तारीख आजची नको. आकडे पक्के व्हायला दोनेक दिवस लागतात, म्हणून मी तीन दिवस मागे थांबते. तिथून मागे १३ आठवडे हा आपला नवा कालखंड, आणि त्याच्या लगेच आधीचे १३ आठवडे हा जुना कालखंड.

खाली स्रोतांची यादी दिसेल. आपल्या कामाच्या ओळी चार-पाच: ‘YouTube search’ म्हणजे यूट्यूबच्याच शोधपट्टीतून आलेले; ‘Suggested videos’ म्हणजे दुसऱ्या व्हिडिओच्या शेजारी किंवा नंतर सुचवलेले; ‘Browse features’ म्हणजे होम, सबस्क्रिप्शन वगैरे; ‘External’ म्हणजे यूट्यूबच्या बाहेरून; आणि बाकीचे किरकोळ.

मग दिवसागणिक आकडे निर्यात करून शीटमध्ये घ्या. आलेखात फक्त खूण केलेल्या स्रोतांच्याच रेषा येतात, म्हणून आधी हव्या त्या सगळ्या ओळींवर टिक करा. शीटमध्ये आल्यावर सगळ्या स्रोतांची बेरीज स्टुडिओतल्या एकूण आकड्याशी जुळते का, हे पाहूनच पुढे जा. जुळत नसेल तर एखादा स्रोत राहिलाय.

स्टुडिओचा दिवस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळावर चालतो. आपल्याकडे दुपारचे साडेबारा किंवा दीड वाजले की तिथली तारीख बदलते. म्हणजे तुमचा सोमवार सकाळचा प्रेक्षक तिथे रविवारात मोजला जातो. एकेका दिवसावरून निष्कर्ष न काढता आठवड्याची बेरीज घ्यायची, त्याचं हेही एक कारण आहे.

समजा A रकान्यात तारीख, B मध्ये स्रोत, C मध्ये व्ह्यूज आहेत आणि F2 मध्ये आठवड्याची पहिली तारीख लिहिली आहे, तर त्या आठवड्याचे सर्चचे व्ह्यूज असे मिळतात:

```
=SUMIFS(C:C, B:B, "YouTube search", A:A, ">="&F2, A:A, "<"&F2+7)
```

F2 खाली F3 मध्ये `=F2+7` लिहून खाली ओढलं की तेराही आठवडे उभे राहतात.

सर्चचा वाटा ३० टक्क्यांवरून ७० टक्के झाला. झाली ना खात्री?

नाही. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. वाटा दोन कारणांनी वाढतो. एक तर सर्च खरंच वाढलं, किंवा बाकीचे स्रोत आटले. व्हिडिओ जुना झाला की होमवरून येणारे लोक आपोआप कमी होतात. तेव्हा सर्चचे रोजचे सहा व्ह्यूज सहाच राहिले तरी त्यांचा वाटा फुगलेला दिसतो.

म्हणून प्रश्न वाट्याचा विचारू नका. एकूण जी *वाढ* झाली, त्यातली किती सर्चने आणली, हे विचारा.

आपल्या उदाहरणात जुन्या १३ आठवड्यांत एकूण १,८२० व्ह्यूज होते, रोजचे २०. त्यात सर्चचे ५४६, सुचवलेल्यांतून ७२८, होम वगैरेतून २७३, बाहेरून १८२ आणि किरकोळ ९१. नव्या १३ आठवड्यांत एकूण ६,३७० झाले, रोजचे ७०. त्यात सर्चचे ४,४५९, सुचवलेल्यांतून १,१८३, होमवरून ३१८, बाहेरून २७३ आणि किरकोळ १३७.

एकूण वाढ ४,५५० व्ह्यूजची. सर्चची वाढ ४,४५९ वजा ५४६, म्हणजे ३,९१३. भागाकार केला की ८६ टक्के येतात. सुचवलेल्या व्हिडिओंची वाढ ४५५, म्हणजे बरोबर १० टक्के. आता म्हणता येतं की या वाढीचा बहुतेक भार सर्चने उचललाय.

माझा स्वतःचा निकष असा: वाढीतला दोन-तृतीयांशाहून मोठा भाग सर्चचा असेल तर पुढच्या तपासण्या करायच्या, अर्ध्याच्या आसपास असेल तर आणखी महिनाभर थांबायचं. हा यूट्यूबने दिलेला नियम नाही, माझा अंदाज आहे.

पुढच्या तपासण्या म्हणजे काय? ८६ टक्के पुरेसे नाहीत का?

बेरजेत क्रम हरवतो. आधी कोण हललं, ते पाहायला हवं. कधी एखादा मोठा चॅनेल तोच विषय घेतो, त्याच्या शेजारी आपला व्हिडिओ सुचवला जातो, लोक तो बघतात, आणि नंतर त्यातलेच काही पुन्हा शोधून येतात. बेरीज सर्चच्या बाजूने झुकलेली दिसेल, पण सुरुवात दुसरीकडून झालेली असते.

आपल्या उदाहरणात सर्चचे आठवड्यागणिक आकडे असे आहेत: ६३, ७०, ८४, ११२, १६१, २२४, ३०१, ३८५, ४६२, ५५३, ६२३, ६८६, ७३५. जुन्या कालखंडात आठवड्याची सरासरी ४२ होती. एकाही आठवड्यात उडी नाही, एकाही आठवड्यात घसरण नाही, जिना चढल्यासारखी चाल आहे. सुचवलेल्यांचा आकडा मात्र पहिले आठ आठवडे ५६ च्या आसपासच घोटाळला, म्हणजे जुन्या सरासरीइतकाच. नवव्या आठवड्यापासून तो १४७ वर गेला. सर्च पाचव्या आठवड्यातच जुन्या सरासरीच्या जवळजवळ चौपट झालं होतं. म्हणजे सर्च पुढे, सुचवणं मागे.

आकडे उलट असते, दुसऱ्या आठवड्यात सुचवलेल्यांनी ९०० चा पल्ला गाठून पाचव्यात १०० वर उतरले असते आणि सर्च त्यामागून हललं असतं, तर मी ‘सर्चमुळे’ हा शब्द लिहिला नसता.

लोकांनी काय टाइप केलं, ते दिसतं का? ते बघायची गरज आहे का?

दिसतं, आणि माझ्या मते हीच खरी परीक्षा. यादीतल्या ‘YouTube search’ या ओळीवर क्लिक केलं की शोधशब्द उघडतात, लोकांनी लिहिले तसेच. आपल्या व्हिडिओखाली साधारण असं दिसेल:

```
silai machine niche dhaga guccha
शिलाई मशीन खालून दोरा गोळा होतो
machine cha dora gola hoto
bobbin case setting
```

मराठी व्हिडिओ असला तरी यादीत रोमन लिपी आणि हिंदी भरपूर असते, त्याने बिचकू नका. बघायचं एवढंच की हे शब्द *अडचणीचे* आहेत का. हे चारही आहेत. मशीनसमोर बसलेल्या, कापड अडकलेल्या बाईने फोन उचलून लिहिलेले शब्द आहेत हे.

आता दुसरी शक्यता घ्या. यादीच्या वरच्या टोकाला तुमच्या चॅनेलचं नाव किंवा व्हिडिओचं शीर्षक जसंच्या तसं असेल, तर कुणीतरी त्यांना ते सांगून पाठवलंय. एखाद्या शिवणवर्गाच्या शिक्षिकेने सांगितलं, ‘त्या ताईंचा चॅनेल शोधा’, आणि चाळीस जणींनी शोधला. स्टुडिओ हेही सर्चमध्येच मोजतो. पण ही ओळखीतून आलेली वाढ झाली. ती बॅच संपली की शोधही थांबतो. हिशेब करताना हे शब्द सर्चच्या आकड्यातून बाजूला काढा.

शोधशब्दांची बेरीज सर्चच्या एकूण आकड्याइतकी येत नाही. काही चुकलं का?

चुकलं नाही. फार थोड्यांनी लिहिलेले शब्द यूट्यूब दाखवत नाही. ४,४५९ पैकी ओळीओळींनी ३,१०० च भरले तरी तो हिशेब ठीक आहे. याचाच दुसरा अर्थ असा की एकेका शब्दाचे रोजचे आकडे काढायला जाऊ नका, लहान तुकड्यांत ते आणखीच गायब होतात. शब्द पूर्ण १३ आठवड्यांचे एकदम पाहा, आणि फार तर जुन्या १३ आठवड्यांच्या यादीशी ताडून पाहा.

गूगलवर शोधून आलेले कुठे मोजले जातात?

‘External’ मध्ये. ती ओळ उघडली की ‘Google Search’ वेगळी दिसते. तिथेच व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुकही असतात. गूगलवरून आलेले लोकही शोधूनच आलेले असतात, म्हणून मी ते आकडे सर्चच्या खाली स्वतंत्र ओळीत लिहिते, त्यात मिसळत नाही. शोधशब्दांची यादी फक्त यूट्यूबच्या शोधाची असते.

वाढ हंगामी असेल तर?

तर ती सर्चचीच असेल, पण टिकणार नाही. शिवणकामात हे फार होतं. जूनच्या सुमाराला गणवेश, दिवाळीआधी ब्लाउज आणि पडदे, लग्नसराईत पिको-फॉल. घराघरांत महिनोन्‌महिने झाकून ठेवलेली मशीन बाहेर निघतात, आणि झाकून ठेवलेल्या मशीनचा दोरा हमखास गोळा होतो.

व्हिडिओ दोन वर्षांचा असेल तर गेल्या वर्षीचे तेच १३ आठवडे काढा. तेव्हाही असाच जिना दिसला होता का? नवा असेल तर गूगल ट्रेंड्स उघडा, ‘Web Search’ च्या जागी ‘YouTube Search’ निवडा, भारत आणि मागची पाच वर्षं लावा. तिथले आकडे ० ते १०० असे सापेक्ष असतात, प्रत्यक्ष शोध किती झाले ते कळत नाही, पण दरवर्षी त्याच महिन्यात टेकडी उठते का, एवढं कळतं. पूर्ण वाक्य टाकू नका. छोट्या मराठी शब्दसमूहांना पुरेशी माहिती नसते आणि आलेख रिकामा येतो. `silai machine` सारखा रुंद शब्द घ्या.

सर्चमुळे वाढ झाली हे पक्कं झालं. पण का झाली, हे कळतं का?

अर्धंमुर्धं कळतं. त्याच तक्त्यात ‘Impressions’ आणि ‘Impressions click-through rate’ हे दोन रकाने जोडा आणि सर्चची ओळ वाचा. इम्प्रेशन म्हणजे आपलं थंबनेल किती वेळा समोर आलं. त्यापैकी कितीजणांनी उघडलं, ते दुसरा रकाना सांगतो.

उदाहरणात जुन्या कालखंडात सर्चमध्ये ९,१०० इम्प्रेशन आणि ६ टक्के होते. नव्यात ६३,७०० इम्प्रेशन आणि ७ टक्के. इम्प्रेशन सातपट झाले, उघडण्याचं प्रमाण जेमतेम हललं. म्हणजे थंबनेलने ही वाढ आणलेली नाही. एक तर शोधणारे वाढले किंवा निकालांत आपला व्हिडिओ वर चढला. या दोहोंपैकी कुठलं, हे स्टुडिओ सांगत नाही. ट्रेंड्समध्ये तो शब्द सपाट असेल आणि आपले इम्प्रेशन चढत असतील, तर आपण वर चढलो असं मानायला जागा आहे, इतकंच.

दरम्यान शीर्षक किंवा थंबनेल बदललं तर चालेल?

९० दिवस हात लावू नका. बदललंच असेल तर ती तारीख शीटमध्ये ठळक लिहून ठेवा आणि त्या तारखेआधीचे व नंतरचे आठवडे वेगळे वाचा. चढण सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात शीर्षक बदललेलं असेल, तर तोच तुमचा पहिला संशयित.

सर्चमधून आलेले लोक दोन मिनिटांत निघून जातात. मग ही वाढ खोटी आहे का?

खोटी नाही. दोरा गोळा होतो म्हणून आलेल्या बाईला अकरा मिनिटं नको असतात. बहुतेक जणी खालची बॉबिन केस काढून तिचा स्क्रू पिळत बसलेल्या असतात. पण गोळा खाली दिसत असला तरी दोष बहुधा वरच्या दोऱ्यात असतो. प्रेशर फूट खाली ठेवून दोरा ओवला की वरच्या टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या राहतात, दोरा त्यांच्यात बसतच नाही आणि सैल सुटतो. फूट उचलून पुन्हा ओवलं की काम झालं. हे व्हिडिओत दुसऱ्या मिनिटाला येतं. ते ऐकून तिने फोन ठेवला आणि मशीन चालू केलं, तर व्हिडिओने आपलं काम केलंय.

काळजी करायची ती विसाव्या सेकंदाला गळती असेल तर. याचा अर्थ शोधशब्द एक आणि आतला मजकूर दुसराच. प्रेक्षक टिकण्याचा आलेख उघडून गळती उत्तराच्या आधी आहे की नंतर, एवढं पाहा.

तेरा आठवडे झाले, आणि चौदाव्यात आकडा खाली आला. सगळं चुकलं का?

एका आठवड्यावरून काहीच म्हणता येत नाही. ७३५ चे ६५० झाले तर सण, परीक्षा, पाऊस काहीही कारण असू शकतं. सलग तीन आठवडे उतरले तर पुन्हा तेच दोन रकाने उघडा. इम्प्रेशन तेवढेच आहेत आणि उघडण्याचं प्रमाण ७ वरून ४ वर आलंय, तर निकालांत आपल्या शेजारी कुणाचा तरी जास्त नेमक्या शीर्षकाचा व्हिडिओ आलाय. खाजगी विंडोत तो शोधशब्द टाकून पाहा, बहुतेकदा तो समोरच दिसतो. इम्प्रेशनच घटले असतील तर आधी ट्रेंड्स पाहा. शोधणारेच कमी झालेत की आपण खाली सरकलोय, हे कळल्याशिवाय शीर्षकाला हात लावू नका.